प्रशिक्षण बाँड : आकडा तीन लाखांचा, देणे किती?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणच्या एका वाहनभाग बनवणाऱ्या कंपनीत १५ महिने झाले. रुजू होताना दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली. मध्येच सोडल्यास 'प्रशिक्षण खर्च व दंड म्हणून' ३ लाख रुपये भरायचे, असे त्यात आहे. सहीचा कोरा चेक आणि पदवीचे मूळ प्रमाणपत्रही कंपनीकडे आहे. प्रशिक्षण म्हणजे तीन आठवडे बंगळुरूला मशीन बनवणाऱ्या कंपनीत, आणि पहिले दोन महिने आमच्याच शॉप फ्लोअरवर. आता दुसरीकडे चांगली ऑफर आहे. एचआर म्हणते, ३ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ५४ हजार भरा, नाहीतर रिलीव्हिंग लेटर नाही आणि चेक बँकेत टाकू. मित्र म्हणतात असले बाँड बेकायदा असतात, काही द्यायची गरज नाही. खरे काय? पूर्ण रक्कम द्यावी लागेल का?

उत्तर :

बाँड वैध आहे असे धरूनच चला. मित्रांचे ऐकून फुकट निघून जायच्या भानगडीत पडू नका. पण ३ लाख द्यावे लागतील असेही नाही. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून मला हे प्रकरण ४० ते ५० हजारांचे वाटते. ते कसे, हे पुढे हिशेबासकट सांगतो. तुमची खरी अडचण बाँड नसून तो कोरा चेक आहे, त्यावरही येतो.

आधी मित्रांचे म्हणणे. ते बहुधा भारतीय करार कायद्याच्या कलम २७ वर बोट ठेवत असतील : कोणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. कलम खरे आहे, पण ते नोकरी सुटल्यानंतरच्या बंधनांना लागते. 'सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जायचे नाही' असल्या अटी त्यात उडतात. नोकरी चालू असतानाच्या काळाचे बंधन वेगळे. हा फरक १९६७ पासून पक्का आहे, आणि तो ज्या खटल्यात पक्का झाला तो आपल्या कल्याणचा. निरंजन शंकर गोलिकरी हे सेंच्युरी स्पिनिंगच्या टायर-कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझर होते. पाच वर्षांचा करार, त्यात सुरुवातीचे काही महिने प्रशिक्षण. ते मध्येच सोडून राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कराराच्या मुदतीत दुसरीकडे तेच काम न करण्याची अट ही व्यवसायबंदी होत नाही, आणि उरलेल्या मुदतीपुरता मनाई हुकूम कायम ठेवला.

हे वाचून घाबरू नका. त्या खटल्यात परदेशी कंपनीकडून घेतलेले गुप्त तंत्रज्ञान होते. साध्या इंजिनिअरला नवीन नोकरीत जाऊ देऊ नका असा हुकूम मागायला कंपन्या सहसा जात नाहीत, आणि तुम्हाला जबरदस्तीने जुन्याच जागी कामाला बसवण्याचा हुकूम तर कोणतेही न्यायालय देत नाही. विशिष्ट साहाय्य कायदा १९६३ मध्ये वैयक्तिक सेवेच्या करारांना ती सोयच नाही. म्हणजे तुम्ही सोडू शकता. प्रश्न उरतो तो फक्त पैशाचा.

पैशाचा प्रश्न करार कायद्याच्याच कलम ७४ चा. मुदतीआधी करार मोडला तर अमुक रक्कम द्यायची असे करारात लिहिलेले असेल, तर समोरच्याला मिळते ती 'वाजवी भरपाई', आणि ती त्या लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. लिहिलेला आकडा ही छताची उंची झाली. खोलीत सामान किती आहे ते न्यायालय वेगळे मोजते. आकड्याला करारात 'दंड' म्हटले आहे की 'निश्चित भरपाई', याने आपल्याकडे फारसा फरक पडत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी या दोन शब्दांवरून जो काथ्याकूट केला तो आपल्या कायद्याने मुळातच टाळला. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. प्रकरण घराच्या विक्रीचे होते. खरेदीदाराने दिलेल्या २५ हजारांपैकी विकणाऱ्याला फक्त हजार रुपये इसारा म्हणून ठेवता आले. उरलेल्या २४ हजारांबाबत, तुझे नुकसान कुठे दिसते, असे न्यायालयाने विचारले, आणि ते दिसले नाही.

कलम ७४ मध्ये एक शब्दप्रयोग आहे जो कंपन्यांचे वकील नेहमी पुढे करतात : 'प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झाले असो वा नसो'. त्याचा अर्थ ते असा लावतात की पुरावा द्यायची गरजच नाही. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालाने ते दार बऱ्यापैकी बंद केले. नुकसान झालेच नसेल तर भरपाई नाही. आणि नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते मोजून सिद्ध करावेच लागते. जिथे मोजणेच अवघड किंवा अशक्य आहे तिथे मात्र आधी ठरवलेला आकडा, तो प्रामाणिक अंदाज असेल तर, उपयोगी पडतो. आता प्रशिक्षणाचा खर्च हा मोजता येण्यासारखा आहे की नाही? बिले असतात, विमान-रेल्वेची तिकिटे असतात, हॉटेलची पावती असते. म्हणून प्रशिक्षण बाँडच्या दाव्यात पहिला प्रश्न हाच येतो : पावत्या कुठे आहेत?

तुमच्याशी अगदी मिळताजुळता निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे, २०११ चा, सिक्पा इंडिया या कंपनीच्या दाव्यातला. दोन लाखांचा बाँड, मुदत तीन वर्षांची. कर्मचारी दोन वर्षांनी गेला. कंपनीला प्रशिक्षणाचा खर्च सिद्ध करता आला तो ६७,५९५ रुपयांचा. खालच्या न्यायालयाने तीन वर्षांपैकी एकच वर्ष बाकी होते म्हणून त्याचा तिसरा हिस्सा, २२,५३२ रुपये, मंजूर केला. कंपनी दोन लाखांसाठी वर गेली. उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. दोन लाखांचे बावीस हजार झाले ते दोन पायऱ्यांत : आधी सिद्ध खर्चापर्यंत उतरले, मग काम केलेल्या काळाची वजावट.

हीच पद्धत तुमच्या बाबतीत लावून बघू. बाँडच्या मागे खर्चाचा तक्ता जोडलेला असतो. नसेल तर मागा, ईमेलवरच मागा. समजा कंपनीने ३ लाखांचा तक्ता असा दिला : बंगळुरूच्या प्रशिक्षणाची फी ७२ हजार, प्रवास आणि राहणे २८ हजार, शॉप फ्लोअरवरच्या दोन महिन्यांत शिकवणाऱ्या सिनिअर मंडळींचा वेळ ८० हजार, त्या दोन महिन्यांचा तुमचा पगार ६० हजार, आणि 'उत्पादनात झालेली घट' ६० हजार. बेरीज बरोब्बर ३ लाख. (बेरीज इतकी बरोब्बर आली की मला नेहमी संशय येतो. आकडा आधी ठरवून तक्ता मागाहून भरलेला असतो.)

फी आणि प्रवास, मिळून एक लाख. हा खर्च बाहेरच्या कंपनीला गेला, बिल आहे, बँकेतून पैसे गेले आहेत, आणि तुम्ही शिकलात ती विद्या त्या मशीनची आहे. यावर वाद घालू नका. तोंडावर पडाल.

सिनिअर मंडळींचा वेळ. ती मंडळी कंपनीच्या पगारावर होतीच. तुम्ही नसता तरी तो पगार गेलाच असता. नवीन माणसाला मशीन दाखवणे हे प्रत्येक कारखान्यात चालते, आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचे तर सुपरवायझरने चहाच्या वेळी दिलेला सल्लाही प्रशिक्षणच ठरेल. कंपनीने त्यासाठी खास माणूस नेमला होता, वर्ग भरत होते, वेळापत्रक होते, शेवटी परीक्षा होती, असे असेल तर मात्र त्यातला काही भाग न्यायालय धरू शकते. तुमचे प्रशिक्षण शॉप फ्लोअरवर झाले म्हणता, म्हणजे हे बहुधा नसावे.

पगार. इथे एक साधी गोष्ट तपासा : त्या दोन महिन्यांत तुम्ही उत्पादन काढत होता का? काढत असाल तर पगार कामाचा मोबदला आहे, तो परत मागता येत नाही. पूर्ण वेळ वर्गात बसवून पगार दिला असेल तर कंपनीची बाजू थोडी बरी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दाव्यात मी कर्मचाऱ्याच्या बाजूने होतो. कंपनीचा एचआर मॅनेजर साक्षीला उभा होता. तक्त्यात '४५ दिवसांचे सघन प्रशिक्षण' असे लिहिले होते. मी त्याला त्याच ४५ दिवसांचे शिफ्टचे मस्टर दाखवले, कंपनीनेच दुसऱ्या मुद्द्यासाठी दाखल केलेले. त्यात माझ्या अशिलाची सही तिसऱ्या पाळीत होती, नावापुढे मशीनचा नंबर आणि काढलेल्या नगांची संख्या. मी विचारले, 'रात्री दोन वाजता प्रशिक्षक कोण होते?' मॅनेजर न्यायाधीशांकडे बघत राहिला. पुढचे प्रश्न विचारायची गरज राहिली नाही. तात्पर्य एवढेच की तुमचे मस्टर, शिफ्टचे मेसेज, उत्पादनाचे रोजचे शीट यातले तुमच्या हातात कायदेशीरपणे जे आहे त्याचे फोटो आत्ताच जपून ठेवा. राजीनाम्यानंतर लॉगिन बंद होतो आणि मस्टर 'सापडत नाही'. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांचे तपशील यांना मात्र हात लावू नका. तेवढ्यावरून कंपनी तुमच्यावर उलटा गुन्हा टाकायला मोकळी होते.

उत्पादनातली घट हे मागणीपत्राचे वजन वाढवायला घातलेले कलम आहे. ती सिद्ध झालेली मी आजवर पाहिलेली नाही.

म्हणजे मोजण्यासारखा खर्च राहिला एक लाख. २४ महिन्यांपैकी १५ महिने तुम्ही काम केले, ९ बाकी. एक लाखाचे २४ भाग करून त्यातले ९ घेतले की ३७,५०० होतात. शॉप फ्लोअरच्या काळातले थोडेफार काही कंपनीला सिद्ध करता आले तर ५० हजारांपर्यंत जाईल. ही वजावट कायद्यात लिहिलेले सूत्र नाही, हे ध्यानात ठेवा. वाजवी किती हे ठरवताना न्यायालये वापरतात तो एक मार्ग आहे. तुमच्या बाँडमध्येच 'दरमहा इतकी रक्कम कमी होत जाईल' असा घसरता तक्ता असेल तर उत्तमच. नसेल, आणि २३ व्या महिन्यातही पूर्ण तीन लाख मागत असेल, तर तो आकडा प्रामाणिक अंदाज नसून धाक होता हे कंपनीच्याच कागदातून दिसते.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून ठेवली तर मी तुम्हाला फसवतो असे होईल. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या प्रकरणात बँकेच्या बाजूने निकाल दिला. सिनिअर मॅनेजर म्हणून २००७ मध्ये रुजू, तीन वर्षे सोडायचे नाही, सोडल्यास दोन लाख. २००९ मध्ये त्यांनी दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, दोन लाख निषेध नोंदवून भरले आणि मग परत मागितले. उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. यात प्रशिक्षणाचा प्रश्नच नव्हता. न्यायालयाचे म्हणणे असे की सरकारी बँकेला माणूस घ्यायचा तर जाहिरात, परीक्षा, निवड असे सगळे पुन्हा करावे लागते. माणूस मध्येच गेला तर तो खर्च वाया जातो. शिवाय त्या हुद्द्याच्या पगाराकडे पाहता दोन लाख अवाच्या सवा नाहीत. काम केलेल्या काळाची वजावट तिथे झाली नाही.

या निकालानंतर खासगी कंपन्यांच्या नोटिसांत हे नाव मंत्रासारखे येऊ लागले आहे. तुमच्या नोटिशीतही येईल. उत्तर असे : तिथे मुख्य वाद अटीच्या वैधतेचा होता, कलम २७ आणि सार्वजनिक धोरणाचा. ती वैधता आपण इथे नाकारतच नाही. तिथली अट किमान सेवाकाळाची होती आणि कारण सरकारी भरतीचे होते. तुमच्या बाँडवर कंपनीने स्वतःच्या हाताने कारण लिहिले आहे, 'प्रशिक्षण खर्च'. ज्या कारणाने रक्कम मागितली ते कारण सिद्ध करा, असे म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. तरीही मी मान्य करतो की नारनवरे निकालानंतर मोठ्या पगाराच्या, वरच्या हुद्द्याच्या माणसाला 'बाँडचा आकडा जास्त आहे' एवढ्यावर सुटणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. तुमचा पगार महिना तीसेक हजार धरला तर तीन लाख म्हणजे दहा महिन्यांचा पगार. त्या तुलनेत तुमची बाजू बरी आहे.

डॉक्टरांचे सरकारी बाँड या चर्चेत आणू नका. ते वेगळ्या पायावर उभे आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कायम ठेवले आहेत.

आता चेक. कंपनीला दिवाणी दावा लावून ३ लाख मिळवायचे तर बिले, साक्षी, उलटतपासणी, आणि वर्षे. शिवाय दावा लावायला तीन वर्षांची मुदत आहेच. म्हणून शहाणी एचआर दाव्याची धमकी कमी आणि चेकची जास्त देते. चेकवर आकडा आणि तारीख त्यांनी भरायची, बँकेत टाकायचा, परत आला की परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली ३० दिवसांत नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार. इथे वाईट गोष्ट अशी की ओझे उलटते. दाव्यात कंपनीला नुकसान सिद्ध करावे लागते. चेकच्या केसमध्ये चेकवर तुमची सही असल्याने देणे होते असे कायदा आधी गृहीत धरतो, आणि ते नव्हते हे तुम्ही दाखवायचे. कोरा चेक होता, आकडा त्यांनी भरला, एवढे म्हणून सुटता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही ते गृहीतक लागते. 'स्टॉप पेमेंट' केले तरी केस होते.

बचाव नाही असे नाही, आणि तो चांगला आहे. चेकची केस टिकायला 'कायद्याने वसूल होण्याजोगे देणे' लागते. करार मोडल्याबरोबर देणे तयार होत नाही. तयार होतो तो फक्त भरपाई मागण्याचा हक्क, आणि किती ते न्यायालय ठरवेपर्यंत कोणी कोणाचा देणेकरी नसतो. हे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवले आहे, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. ३७,५०० च्या वादावर ३ लाखांचा चेक भरला तर तो देण्याचा चेक नाही. पण हे सगळे सांगायला तुम्हाला कोर्टात जामीन घेऊन उभे राहावे लागेल, आणि नवीन नोकरीच्या पहिल्या वर्षात दर तारखेला सुट्टी मागावी लागेल. म्हणून ती वेळ येऊ द्यायची नाही.

त्यासाठी राजीनाम्याबरोबरच एक पत्र द्या. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, आणि तेच स्पीड पोस्टाने. त्यात चेकचा नंबर लिहा. हा चेक रुजू होताना तारण म्हणून कोरा घेतला होता, त्यावर कोणतीही रक्कम भरायचा अधिकार मी देत नाही, प्रशिक्षणाचा खर्च बिलांसह दाखवल्यास उरलेल्या नऊ महिन्यांच्या प्रमाणात वाजवी रक्कम द्यायला मी तयार आहे, चेक परत करा. एवढेच, शांत भाषेत. हे पत्र चेक बँकेत पडण्याच्या आधीचे असेल तर पुढच्या प्रत्येक ठिकाणी तुमच्या कामाला येते. चेक परत आलाच आणि नोटीस मिळालीच, तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. गप्प राहिलेला माणूस देणेकरी वाटतो.

मूळ प्रमाणपत्र तुमची मालमत्ता आहे. बाँडच्या रकमेसाठी ते अडकवून ठेवायचा अधिकार कंपनीला नाही. त्याच पत्रात सात दिवसांत परत मागा. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा 'हा दिवाणी वाद आहे' असे ऐकायला मिळते, पण वकिलाच्या नोटिशीनंतर प्रमाणपत्र परत आल्याचे मी बहुतेक वेळा पाहिले आहे, कारण तो मुद्दा न्यायालयात गेला तर कंपनीची बाकीची बाजूही मळते. 

पगारातून परस्पर कापून घेणे हाही एक प्रकार आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. राजीनामा दिलेल्याचे राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे, आणि पगारातून काय कापता येते याची यादी त्यात दिलेली आहे. बाँडची रक्कम त्या यादीत नाही. भविष्यनिर्वाह निधीला तर कंपनी हातच लावू शकत नाही. त्यामुळे तडजोड झाली तरी 'फुल अँड फायनल' मधून वळते करून घ्या असे म्हणू नका. पगार पूर्ण घ्या आणि ठरलेली रक्कम वेगळ्या बँक व्यवहाराने द्या, म्हणजे दोन्हींची नोंद स्वच्छ राहते. नोटीस कालावधी मात्र पूर्ण करा, किंवा त्याचे पैसे भरा. तो बाँडपेक्षा वेगळा विषय आहे आणि तिथे तुमची बाजू कमजोर असते. न कळवता कामावर जायचे बंद करणारे जे असतात, त्यांचे चांगले प्रकरण त्या एका कृतीने बिघडते.

जीएसटीचे ५४ हजार तर नुसता दांडगावा आहे. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकात (क्रमांक १७८) स्पष्ट लिहिले आहे की मुदतीआधी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने भरलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही. एचआरला त्या परिपत्रकाची प्रत पाठवा. माझा अनुभव असा की पहिला आकडा इथे उतरतो, आणि एकदा उतरायला लागला की बोलणी सुरू होतात.

रिलीव्हिंग लेटरबाबत खोटा दिलासा देत नाही. ते मिळवायला दावा लावता येतो, पण नवीन कंपनी तितके थांबत नाही. तुमच्यावर दबाव आहे तो इथेच, आणि एचआरलाही ते पक्के ठाऊक आहे. म्हणून नवीन कंपनीला आधीच सांगून ठेवा की बाँडच्या रकमेवर वाद आहे, राजीनाम्याची पोच आणि पगाराच्या स्लिपा देतो. बऱ्याच कंपन्या तेवढ्यावर घेतात. काही बाँडची रक्कम स्वतः भरतात, विचारून बघायला हरकत नाही.

बोलणी करताना सुरुवात ३७,५०० पासून करा, हिशेब कागदावर मांडून. कंपनी दीड लाखावर येईल, मग लाखावर. पन्नास हजारांच्या आत मिटले तर मिटवा. त्यापलीकडे गेले तर वकील गाठा, कारण मग ते प्रकरण बिलांचे राहत नाही, अहंकाराचे होते. कंपनीने सरळ संक्षिप्त दावा लावला, तर समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. ती चुकली तर वाद न ऐकताच पूर्ण तीन लाखांचा हुकूमनामा होऊ शकतो. समन्स गावाकडच्या पत्त्यावर जाते, आईवडील ते कपाटात ठेवतात आणि मुलाला दिवाळीत सांगतात, असे दोनदा पाहिले आहे. घरी सांगून ठेवा.

आणि मिटले की एका पानाचे लेखी घ्या : अमुक रक्कम बाँडपोटी पूर्ण व अंतिम मिळाली, अमुक नंबरचा चेक आणि मूळ प्रमाणपत्र परत केले, पुढे कोणताही दावा नाही. पैसे भरल्यावर हे कागद 'पाठवतो' म्हणतील. पैसे, चेक आणि कागद एकाच टेबलावर, एकाच वेळी.